आंबटाची बाजू : मासळी, नारळ आणि व्हाइट वाइन

मालवणापासून काणकोणापर्यंत कुठल्याही घरात माशाचं कालवण शिजत असेल, तर दोन गोष्टी गृहीत धराव्यात. वाटपात ओला नारळ असणार आणि शेवटी त्यात काहीतरी आंबट पडणार. मालवणात बहुधा आमसूल, गोव्यात आमसूल किंवा चिंच, हंगामात कैरी, कुठे आंबाडे, कुठे बिंबलं, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत माडीचं व्हिनेगर. मासा बदलतो, मसाला बदलतो, आंबट चुकत नाही. नारळाचा जडपणा आणि मासळीचा वास या दोहोंना आवर घालायला काय लागतं, हे या किनाऱ्याला फार पूर्वीच कळलेलं आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की या जेवणाबरोबर वाइन घ्यायचीच असेल तर तिची निवडही याच हिशेबाने व्हावी. ताटातल्या आमसुलाचं काम पेल्यात पुढे चालू ठेवील अशी वाइन हवी. म्हणजे आंबटसर, गोडवा नसलेली किंवा अगदी नावापुरता असलेली, हलकी, थंड, लाकडाच्या पिंपात न मुरवलेली व्हाइट वाइन.

हा विषय व्याख्यानमालेत कशाला, असं काहींच्या मनात येईल. 27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढं रान उठलं होतं, ते आपल्याला आठवत असेल. त्या वादात मला आज शिरायचं नाही. वाइन ही दारूच आहे. ती प्रकृतीला चांगली असते म्हणून प्या, असं मी म्हणणार नाही, आणि न पिणाऱ्याने प्यायला लागावं असंही नाही. पण जी मंडळी पितात, त्यांच्यातले बरेच जण हॉटेलात सुरमईच्या कढीसमोर सर्वांत महाग रेड वाइन मागवतात आणि मग वाइन कडू लागली म्हणून तिला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा वाइनचा नसतो, कढीचा तर नसतोच. जोडी चुकलेली असते. ती का चुकते, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी मासळीचा वास. समुद्रातल्या माशांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात पेशींचा तोल राखायला माशाला तो लागतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथिलअमाइनमध्ये करतात आणि बाजारातून आल्यावर पिशवीला येतो तो वास सुरू होतो. हा पदार्थ अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल भेटलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं, आणि क्षार हवेत उडत नाही. जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही. मासे धुतल्यावर मीठ-लिंबू किंवा आगळ चोळून ठेवण्यामागचं शास्त्र ते हेच. वाइन या कामात लिंबाच्या जवळची आहे. थंड हवेतल्या आंबटसर व्हाइट वाइनचा सामू तीन ते साडेतीनच्या दरम्यान असतो, बऱ्याच रेड वाइनचा त्याहून वर सरकलेला असतो. म्हणून घासामागून घेतलेला आंबट घोट तोंडातला उरलासुरला वास दाबतो. यालाही मर्यादा आहे. मासा शिळाच असेल तर वास केवळ अमाइनचा राहत नाही. तेल खवट झालेलं असतं आणि त्यावर ना लिंबाची मात्रा चालते ना वाइनची.

आता रेड वाइनकडे वळू. मासळीबरोबर रेड नको हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण त्याचं कारण विचारलं तर ‘टॅनिन’ एवढा एकच शब्द कानावर येतो. 2009 मध्ये जपानमधल्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी हा प्रश्न नीट तपासला. साठाहून अधिक वाइन त्यांनी अनुभवी चाखणाऱ्यांना शिंपल्यांबरोबर दिल्या आणि कुठल्या वाइननंतर तोंडात हिवस चव मागे राहते याची नोंद घेतली. ही चव वाइनमधल्या लोहाच्या प्रमाणाबरोबर वाढत होती. वाइनमध्ये लोह मिसळलं की ती वाढे, आणि लोहाला बांधून ठेवणारा पदार्थ घातला की कमी होई. कारण असं, की माशाच्या तेलातल्या नाजूक मेदाम्लांचं थोडं ऑक्सिडीकरण आधीच झालेलं असतं. लोह ती प्रक्रिया एकदम पुढे ढकलतं आणि खवट तेलाचे वास जागच्या जागी, आपल्या तोंडातच तयार होतात. म्हणजे ताजा फडफडीत मासासुद्धा लोह जास्त असलेल्या वाइनबरोबर शिळा लागू शकतो. रेड वाइनमध्ये लोह सरासरीने जास्त सापडतं, कारण ती सालीसकट आंबवतात. पण ते माती, यंत्रं, धूळ यांच्यावरही अवलंबून असतं. त्यामुळे एखादी रेड मासळीबरोबर अगदी निमूट वागते आणि एखादी व्हाइट दगा देते. नियम रंगाचा नाही, हे या प्रयोगातून निघतं. पण दुकानात उभं राहून बाटलीतलं लोह मोजता येत नाही, आणि आपण खातो ते बांगडा, तारली, पेडवे असे मासे तेलकट, म्हणजे याच दुखण्याला सर्वांत लवकर बळी पडणारे. अशा वेळी शक्यता आपल्या बाजूने झुकवायची, तर व्हाइट घेणं शहाणपणाचं.

टॅनिन वेगळा त्रास देतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून ठेवतं, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जिभेवर कच्च्या सुपारीसारखी तुरट ओढ येते. मटणाबरोबर ही ओढ सुखावते, कारण मटणातली प्रथिनं टॅनिनला कामाला लावतात आणि लाळ मोकळी राहते. इथे एक चांगला आक्षेप येतो. चहात दूध घातलं की तुरटपणा जातो. मग कालवणात नारळाचं दूध असताना टॅनिनची भीती कशाला? उत्तर असं, की चहाचा तुरटपणा ओढून घेतात ती दुधातली प्रथिनं, प्रामुख्याने केसीन. नारळाच्या दुधाला आपण दूध म्हणत असलो तरी त्यात केसीन मुळीच नाही आणि एकूण प्रथिनंही जेमतेम. दाट दुधात असते ती चरबी, पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त. ती टॅनिनला धरून ठेवत नाही. त्यात मिरचीने जीभ आधीच चाळवलेली. तिच्यावर कॅबर्ने सोव्हिन्योंचा तुरटपणा पडला की तो दुप्पट बोचतो आणि नारळाची नाजूक गोडी तर कुठल्या कुठे जाते.

या चरबीचं काय करायचं, हा नारळाच्या कालवणाचा खरा प्रश्न आहे. नारळाचा रस जिभेवर साय धरतो. दोन-चार घासांत चव बोथट होते. मसाला तितकाच असतो, पण जाणवत नाही. आम्ल चरबीला विरघळवत नाही, तो गैरसमज काढून टाकू. आम्लाने तोंडाला पाणी सुटतं, पातळ लाळ भराभर येते आणि ती साय धुऊन नेते. आमसूल हेच करतं आणि आंबट वाइनही. मात्र वाइन बर्फासारखी गार करण्यात तोटा आहे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. फ्रिजच्या तळातून काढलेली चार अंशांची वाइन नारळाच्या सायीवर ओतली, तर ती साय क्षणभर का होईना घट्टच व्हायची, धुतली जायची नाही. शिवाय इतक्या थंडीत वाइनचा वासही झोपतो. आठ-दहा अंश पुरेत. आपल्याकडच्या उकाड्यात पेला भरभर तापतो, म्हणून थोडी थोडी ओतावी आणि बाटली बर्फ-पाण्यात ठेवावी.

आता तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या अशा एका ग्राहकाला छेडतं, ज्याचं मूळ काम उष्णतेची खबर देणं हे आहे. एरवी साधारण 42 अंशांच्या पुढे तो ग्राहक ‘भाजलं’ म्हणून ओरडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की अल्कोहोलच्या सान्निध्यात हा उंबरठा 34 अंशांवर येतो. शरीराचं तापमानच 37. म्हणजे अल्कोहोल पुरेसं असेल तर स्वतःच्या तोंडाची ऊबही चटका म्हणून जाणवावी! जखमेवर स्पिरिट लावल्यावर झोंबतं ते याच ग्राहकामुळे. प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा जेवणाच्या टेबलावर लावता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. साडेचौदा टक्क्यांची शिराझ आणि अकरा-बारा टक्क्यांची व्हाइट यांतली पहिली मिरचीला फुंकर घालते ती विझवायला नव्हे, पेटवायला. तिखट सोसवत नाही म्हणून जास्त ‘दमदार’ वाइन मागवणारे लोक आगीत तेलच ओततात.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, की मासळीला व्हाइट हा तर युरोपचा जुनाच पाठ, त्यात नवं काय? पाठ जुना आहे हे खरंच. फ्रान्समध्ये ल्वार नदी समुद्राला मिळण्याआधी नांतवरून जाते, तिथे मस्काडे नावाची कोरडी, आंबट वाइन होते आणि कच्च्या कालवांबरोबर, म्हणजे ऑयस्टरबरोबर, प्यायली जाते. स्पेनच्या गॅलिसियात आल्बारिन्यो आहे, गॅलिसियाच्या दक्षिणेला पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतात विन्यो व्हेर्द. सगळ्या समुद्राच्या दमट हवेतल्या, आंबट वाइन. पण या तिन्ही किनाऱ्यांवरच्या स्वयंपाकात नारळ नाही आणि आपल्यासारखी मिरचीही नाही. तिथे मासा वाफेवर नाहीतर निखाऱ्यावर, वर लिंबू आणि तेल. युरोपचा नियम मासळीपुरता आपल्या कामाचा आहे. नारळ आणि तिखट यांचा हिशेब आपला आपल्यालाच करावा लागतो. गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते आणि पोर्तुगीज वाइनही येत होती, तरी तिथल्या हुमणाने आपली आमसुलं आणि चिंच सोडली नाही. त्या स्वयंपाकाने वाइनच्या व्हिनेगरची जागासुद्धा माडाच्या व्हिनेगरला दिली. आंबटाच्या बाबतीत हा किनारा स्वयंपूर्णच राहिला.

एक कालवण घेऊन हे सगळं पडताळून पाहू. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण घ्या. ओला नारळ, भिजवलेल्या बेडगी मिरच्या, धणे, हळद, हे सगळं पाट्यावर गंधासारखं वाटलेलं. वाटप पाण्यात कालवून उकळी आणायची, आमसुलं घालायची, मीठ, मग बांगड्याचे तुकडे. तिरफळं नुसती ठेचून शेवटी टाकायची, वाटपात वाटायची नाहीत, नाहीतर कडवटपणा येतो. मासा शिजायला दोनचार उकळ्या पुरतात. वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार. या वाटीत काय काय आहे? बांगड्याचं भरपूर तेल, नारळाची साय आणि तिची मंद गोडी, बेडगीचा रंग आणि मध्यम तिखट, आमसुलाचा खोल आंबटपणा, आणि तिरफळाचा संत्र्या-लिंबाच्या सालीसारखा वास, शिवाय जिभेला येणारी बारीक झिणझिणी.

या वाटीसमोर आधी नाशिककडची एखादी चांगली सोव्हिन्यों ब्लां ठेवा. तिच्या वासात हिरवी मिरची, ओलं गवत, पेरू, लिंबाची साल असं काहीसं असतं, आणि तिरफळाशी तिचं लगेच जमतं. चव घेतल्यावर मात्र एक बदल जाणवतो. आमसुलाच्या घासानंतर वाइन आधीपेक्षा कमी आंबट लागते. जीभ आंबटाला सरावलेली असते, म्हणून पुढचं आंबट फिकं वाटतं. जोडी जमवण्यातला सर्वांत उपयोगी नियम यातूनच निघतो: वाइन कालवणाइतकी तरी आंबट हवी, शक्यतो थोडी जास्त. नुसती चाखताना दात आंबवणारी सोव्हिन्यों या वाटीबरोबर गोलाईदार आणि फळांनी भरलेली वाटते. आता तिच्या जागी मऊ, कमी आंबट व्हाइट ठेवून पाहा. आमसूल तिच्यातलं होतं-नव्हतं ते आंबट पुसून टाकतं आणि मागे कोमट, पाणचट, किंचित कडू असं काहीतरी उरतं. वाइन ‘पडली’ असं म्हणतात ते हे. तिसऱ्या खेपेला कॅबर्ने. पहिला घोट ठीक जातो. दुसऱ्या घासानंतर तोंडात लोखंडी पळी चाटल्यासारखी चव येते, बांगड्याचं तेल एकदम जुनं वाटू लागतं, आणि मिरची घशाशी येऊन बसते. वाटी तीच, मासा तोच. तिरफळाची झिणझिणी तुरटपणाशी मिळाली की जीभ बधिर व्हायला लागते, हा वरचा भुर्दंड.

सर्वांत फसवी आहे ती ओकमध्ये मुरलेली शार्डने. तिची बाजू मांडणारे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. ओकच्या लाकडात लॅक्टोन वर्गातला एक पदार्थ असतो आणि त्याचा वास चक्क नारळासारखा येतो. अमेरिकन ओकमध्ये तर जास्तच. मग नारळाच्या कढीला नारळाच्या वासाची वाइन, याहून नैसर्गिक काय? ऐकायला तर्क गोड आहे, पण तो नाकापाशी संपतो. ओकबरोबर नारळाचा वास एकटा येत नाही. लाकडाचं टॅनिन येतं, व्हॅनिला येतो, भाजक्या लाकडाचा कडवटपणा येतो. अशा शार्डनेतलं तीव्र मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी सौम्य लॅक्टिक आम्लात बदलून घेतलेलं असतं, त्यातून लोण्याचा वास येतो आणि आंबटपणा आणखी खाली जातो. म्हणजे सायीवर साय. साय धुणारं आंबटच बाटलीतून काढून टाकलेलं असतं. मिरचीसमोर ओकचा कडवटपणा वर येतो आणि व्हॅनिला कढीत आईस्क्रीम सांडल्यासारखा वेगळा पडतो. वासाला वास जुळला की जोडी जमली, ही समजूत वाइनच्या बाबतीत जितकी घोटाळा करते तितकी दुसरी कुठलीच करत नसेल. ओकशिवाय, स्टीलच्या टाकीत केलेली शार्डने मात्र निराळी. शाब्लीच्या धर्तीची असेल तर सुरमईच्या सौम्य कढीबरोबर ती उत्तम जाते.

असाच गैरसमज गेवुर्झट्रामिनरबद्दल आहे. परदेशातल्या बऱ्याच पुस्तकांत ‘इंडियन करी’ म्हटलं की हिचं नाव येतं, कारण तिला गुलाबाचा, लिचीचा वास आणि मसालेदार म्हणून लौकिक. त्या पुस्तकांच्या मनातली ‘करी’ कुठली हे कळत नाही, पण ती आमसुलाची नसावी. या द्राक्षात आम्ल मुळातच कमी आणि साखर भराभर चढते, त्यामुळे अल्कोहोलही जास्त. म्हणजे नारळाच्या आंबट-तिखट कालवणाला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एका बाटलीत. व्हिओनिएचंही थोड्याफार फरकाने तसंच. बिर्याणीबरोबर त्यांचं जमत असेल, हुमणाबरोबर नाही.

मग तिखट खरंच जहाल असेल तर? इथे माझ्या नियमात थोडी सूट द्यावी लागते. साखर मिरचीची धग कमी करते, आम्लाला ते काम तितकंसं जमत नाही. तेव्हा झणझणीत कालवणाला, म्हणजे बेडगीच्या जोडीला लवंगी पडली असेल तर, किंचित गोडवा असलेली पण आंबटपणा न सोडलेली वाइन घ्यावी. जर्मनीतल्या मोझेलची हलकी रीसलिंग याचा उत्तम नमुना: अल्कोहोल आठ-नऊ टक्के, गोडी जाणवेल एवढी, आणि तिला कापत जाणारं आंबट. ती आपल्याकडे महाग पडते. पण नाशिकमध्ये शेनिन ब्लां मुबलक होते आणि ती पुष्कळदा अर्धगोडच केलेली असते. हे द्राक्ष मूळचं ल्वारच्या खोऱ्यातलं. उन्हाळी हवेतही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवणं हा त्याचा गुण. नाशिकला द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते, म्हणजे रात्री गार असतात तोवर. तोडणी लांबली की मॅलिक आम्ल उन्हात जळतं आणि साखर वाढते. म्हणून चांगले उत्पादक व्हाइटची द्राक्षं लवकर उतरवतात. तुमच्या कालवणाचं नशीब काही अंशी या तोडणीच्या वेळेवर ठरतं. गोडव्यालाही हद्द आहे. मिठाईबरोबरची लेट हार्वेस्ट किंवा गोड मोस्कातो इथे आणू नका. नारळाची गोडी, तिची गोडी, वर आमसूल, असा तिरंगी गोंधळ होतो.

एक फरक करायलाच हवा. आतापर्यंत बोललो ते ओल्या नारळाच्या वाटपाबद्दल. सुकं खोबरं, कांदा आणि गरम मसाला खरपूस भाजून केलेलं काळपट वाटप हा वेगळा प्राणी आहे. मोरीचं मटण म्हणून जे केलं जातं, किंवा तिसऱ्यांचं भाजक्या वाटपाचं सुकं, त्यात भाजल्याचा कडवटपणा आणि मसाल्याची खोली असते आणि आंबट मागे असतं. तिथे नाजूक सोव्हिन्यों हरवून जाते. कोरडी रोझे, किंवा टॅनिन कमी असलेली हलकी रेड थोडी गार करून, तिथे जास्त शोभते. ‘व्हाइटशिवाय काही नको’ असा माझा हट्ट नाही, हे यावरून ध्यानात यावं. आणि फसफसणारी? रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलाबरोबर कोरड्या स्पार्कलिंगसारखं दुसरं काही नाही. बुडबुडे आणि आंबट मिळून तेल स्वच्छ करतात. पण तिखट कढीबरोबर तेच बुडबुडे चाळवलेल्या जिभेला टोचतात. तळलेलं संपेपर्यंत ती प्यावी, भात वाढला की बाजूला ठेवावी.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो आपल्या मातीतला आहे. सोलकढी असताना वाइन हवीच कशाला? खरं सांगायचं तर, जेवणाची गरज म्हणून पाहिलं तर नको. सोलकढीत नारळाचं दूध आणि आमसुलाचं आगळ, म्हणजे आज मांडलेला सगळा युक्तिवाद एका वाटीत आहे: नारळाची चरबी मिरचीचं तिखट ओढून घेते, आगळ तीच चरबी जड होऊ देत नाही. ज्या किनाऱ्याने सोलकढी काढली त्याला आंबटाची शिकवणी कोणी द्यायची गरज नाही. पण वाइन आणि सोलकढी यांची लढाई लावू नये, आणि दोन्ही एकाच घासाबरोबरही घेऊ नयेत. सोलकढीच्या लसूण-हिरव्या मिरचीनंतर कुठल्याही वाइनची चव लागत नाही. वाइन तळलेल्या माशांबरोबर आणि कालवणाबरोबर घ्यावी. सोलकढी भाताच्या शेवटी, तिच्या नेहमीच्या जागी.

जाता जाता दुकानातल्या खरेदीचं सांगतो. अशी व्हाइट वाइन जुनी होऊन सुधारत नाही. बाटलीवरचं साल पाहा. या वर्षीची किंवा गेल्या वर्षीची मिळाली तर तीच उचला. फिरकीचं झाकण असेल तर कमी प्रतीची समजू नका. मागच्या लेबलावर ओक, पिंप, व्हॅनिला, लोणी यांतला एकही शब्द असेल तर ती बाटली मटणाच्या रविवारसाठी ठेवा. अल्कोहोल तेरा टक्क्यांच्या आत असावं. आणि उन्हात, दुकानाच्या काचेच्या खिडकीत महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातला ताजेपणा केव्हाच उडालेला असतो, आणि तुम्ही पैसे मोजता ते त्याच ताजेपणाचे.